पोटावरच्या रेघांत उठणारी खाज आणि ‘पित्ता’चा घोळ

आठव्या-नवव्या महिन्यात पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्येच लाल, खाजरे फोड उठू लागले की घरात पहिलं निदान ठरलेलं असतं: ‘पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा.’ पोटाला खाज सुटते हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक होतं. चरकसंहितेत सातव्या महिन्याच्या वर्णनात ‘किक्किस’ म्हणजे त्वचेवरच्या रेघा आणि त्यांच्या मुळाशी असलेली खाज येते. गर्भाला केस फुटतात म्हणून जळजळ होते असं बायका म्हणतात, पण तसं नाही, असंही तिथे सांगितलंय. खाजवू नये, त्वचा फाटून विद्रूप होते, हा सल्लाही आहे.

आधुनिक वैद्यकात मात्र या पुरळाला विसाव्या शतकात बराच काळ धड नाव नव्हतं. 1962 मध्ये इंग्लंडमधून आलेल्या एका लेखात त्याला ‘टॉक्सिमिक रॅश’ म्हटलं गेलं. खरं तर गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाशी, म्हणजे ज्याला तेव्हा टॉक्सिमिया म्हणत, त्याच्याशी याचा संबंध नाही. 1979 मध्ये अमेरिकेत सात रुग्णांच्या वर्णनातून पीयूपीपीपी हे लांबलचक नाव आलं. त्याचा अर्थ ‘गरोदरपणातले खाजरे, गांधींसारखे फोड आणि चट्टे’. ब्रिटिशांना ते अपुरं वाटलं, कारण काही दिवसांनी त्यात बारीक पाण्याचे फोड, गोल कड्यांसारखे डाग किंवा इसबासारखी कोरडी त्वचाही दिसते. म्हणून 1980 च्या दशकात त्यांनी ‘पॉलिमॉर्फिक इरप्शन’, बहुरूपी पुरळ, असं नाव पुढे आणलं, आणि 2006 च्या वर्गीकरणात तेच टिकलं. माझ्या मते हा बदल अचूक असला तरी फारसा उपयोगी नव्हता. ओळखीची खरी खूण, म्हणजे रेघांतली सुरुवात, दोन्ही नावांत नाहीच.

समजा, पहिलंच बाळंतपण आहे, जुळं आहे आणि 35 वा आठवडा चालू आहे. पोट झपाट्याने ताणलं गेलंय. बेंबीखालच्या जांभळट रेघांत चार-पाच फोड उठतात, दोन दिवसांत ते एकमेकांना मिळतात आणि मांड्यांवर उतरतात. बेंबी आणि तिच्याभोवतीचं वर्तुळ मात्र कोरं राहतं. चेहरा, तळहात, तळपायही बहुधा वाचतात. हेच ते पुरळ. ताणलेल्या त्वचेत तंतू तुटतात आणि तिथून दाह सुरू होतो, हे सर्वांत पटणारं कारण आहे. जुळ्यांत हे जास्त दिसतं ते बहुधा त्यामुळेच. बाळाला यातून धोका नसतो. सौम्य स्टेरॉइड मलम, मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी यांवर बहुतेकींचं भागतं, आणि काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. पुढच्या खेपेला परत येणं विरळाच.

बेंबीच वेढली गेली, किंवा मोठे ताठ पाण्याचे फोड आले, तर गोष्ट वेगळी. तो पेम्फिगॉइड जेस्टेशनिस असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. सुरुवातीला तो गांधींसारखाच दिसतो, म्हणून शंका असेल तर त्वचेचा तुकडा काढून इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी करतात. साध्या पुरळात ती नकारात्मक येते, पेम्फिगॉइडमध्ये त्वचेच्या थरांच्या सीमेवर एक सरळ रेघ उजळते. हा आजार पुढच्या बाळंतपणात बहुधा परततो.

आता ‘पित्त’ या शब्दाकडे. अंगावर गांधी उठल्या की आपण त्यांना पित्त म्हणतो, पण त्या गांधींचा यकृतातल्या पित्ताशी काही संबंध नसतो. ज्या आजारात पित्ताचे घटक खरोखर रक्तात साठतात, त्या कोलेस्टेसिसमध्ये मुळात पुरळच नसतं. खाज तळहात-तळपायांपासून सुरू होते, रात्री वाढते आणि त्वचेवर दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. म्हणजे जिथे पित्त दिसतं तिथे ते नाही आणि जिथे आहे तिथे दिसत नाही. आमसुलाचं पाणी साध्या पुरळावर थोडा गारवा देईल, पण त्याच भरवशावर राहिलं तर कोलेस्टेसिसमधला मोलाचा वेळ जातो. त्यात रक्तातली बाइल ॲसिड्स मोजावी लागतात. ती लिटरला 100 मायक्रोमोलच्या वर गेली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, आणि प्रसूती लवकर करावी लागू शकते.

म्हणून शेवटच्या तिमाहीत पुरळ नसताना नुसती खाज असेल, तर ‘काही दिसत नाही ना’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं. रेघांतले फोड मात्र, दिसायला कितीही भयंकर असले, तरी डॉक्टरांच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबू शकतात.