शैलीपुस्तिका, आधी-नंतर पद्धतीची

एकाच दुकानाच्या वा कार्यालयाच्या वतीने दोन-चार जण निरोप लिहितात, तेव्हा सर्वांचे लेखन एका वळणाचे राहावे म्हणून केलेला जोड्यांचा संग्रह. जोडीत मूळ मजकूर आणि त्याचा सुधारलेला मजकूर शेजारी असतो. खाली बदलाचे कारण एका ओळीत. नमुने दाखवून शिकवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने कंपन्यांसाठी १९९८ मध्ये काढलेल्या सोप्या इंग्रजीच्या पुस्तिकेतही अशी उदाहरणे होती. नुसता नियम वाचून प्रत्येक जण आपल्याला हवा तो अर्थ काढतो; जोडी पाहिली की त्याला फारशी जागा उरत नाही.

शुद्धलेखनाचे प्रश्न या पुस्तिकेत आणू नयेत. साहित्य महामंडळाचे शासनमान्य नियम त्यासाठी आहेत. इथे फक्त गटाची निवड नोंदवायची: ‘तुम्ही’ की ‘आपण’, ‘मी’ की ‘आम्ही’, तारीख कशी लिहायची, नकार कसा कळवायचा. ‘मी’ लिहिले की ‘पाहतो’ किंवा ‘पाहते’ यातून लिहिणारा पुरुष की स्त्री ते कळते आणि माणूस बदलताच निरोपाचा आवाज बदलतो. मराठी गटांना हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो.

घरपोच पुस्तके पाठवणाऱ्या एका दुकानाचे उदाहरण घेऊ. तिथे चौघे जण ग्राहकांना उत्तरे देतात आणि अनुभवी सहकाऱ्याने दुरुस्त केलेले चाळीसेक निरोप जमले आहेत. आधी त्यांतली ग्राहकांची नावे, पत्ते, फोन क्रमांक काढून टाकतात. त्यांतली एक जोडी अशी:

आधी: ‘सदर ऑर्डर प्रक्रियेत असून लवकरात लवकर पाठविण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.’

नंतर: ‘तुमची पुस्तके आम्ही उद्या, गुरुवारी, कुरिअरने पाठवू. शनिवारपर्यंत मिळाली नाहीत तर याच क्रमांकावर कळवा.’

या एका जोडीत चार बदल आहेत. ‘सदर’ जाऊन ‘तुमची’ आले, ‘पाठविण्यात येईल’ याला ‘आम्ही’ हा कर्ता मिळाला, ‘लवकरात लवकर’च्या जागी वार आला, आणि मोघम सहकार्याऐवजी ग्राहकाने नेमके काय करायचे ते आले. जोडी अशीच पुस्तिकेत चिकटवली तर नवा माणूस फक्त वाक्य उचलतो. म्हणून प्रत्येक बदल सुटा करून, त्या एकाच बदलाची छोटी जोडी बनवतात. मग चाळीसही निरोपांची वर्गवारी विषयानुसार (परतावा, उशीर, चौकशी) न करता बदलानुसार होते. एखादा बदल निदान तीन निरोपांत आणि दोन वेगळ्या लेखकांच्या मजकुरात दिसला, तरच त्याचा नियम करावा; एरवी ती बहुधा दुरुस्त करणाऱ्याची वैयक्तिक आवड असते. हा आकडा अंदाजाचा आहे, पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

वरच्या जोडीत एक खाच आहे. ‘गुरुवारी’ हा शब्द शैलीतून आलेला नाही. दुरुस्त करणाऱ्याला पार्सल कधी निघणार ते ठाऊक होते, मूळ लिहिणाऱ्याला नव्हते. पुस्तिकेत ‘मोघम बोलू नका, वार लिहा’ एवढेच लिहिले तर माहिती नसलेला माणूस अंदाजाने वार ठोकून देईल, आणि ते ‘लवकरात लवकर’पेक्षा वाईट. त्या नियमाखाली वार कोणत्या नोंदवहीत पाहायचा आणि तो ठरलेला नसेल तर काय लिहायचे, हेही हवे: ‘पार्सल कधी निघेल ते उद्या दुपारी ४ पर्यंत कळवतो.’ सुधारित मजकुरात मुळात नसलेली माहिती आली आहे का, हे प्रत्येक जोडीत तपासावे. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात.

दोन जोड्या एकमेकींविरुद्धही जातात. एकीत ‘क्षमस्व’ काढलेले, दुसरीत घातलेले. मग दोन्ही प्रसंग पाहून सीमा लिहावी: चूक दुकानाची असेल तर एकदाच, सुरुवातीला; कुरिअरच्या संपाबद्दल नाही. जिथे सीमा सापडत नाही तिथे एकाने निर्णय द्यावा आणि तोही तारखेसह नोंदवावा.

पुस्तिका चालते का, हे पाहण्यासाठी संग्रहात नसलेले पाच कच्चे निरोप दोघांना वेगवेगळे बसवून सुधारायला देतात. शब्द जुळायची गरज नाही. पण नियम असूनही एकाने ‘आपण’ आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ लिहिले, तर नियमाची मांडणी फसली आहे किंवा तो कुठेतरी खाली दडला आहे. दोन पानांपलीकडे गेलेली पुस्तिका घाईच्या वेळी कोणी उघडत नाही. नवी जोडी घालताना जुनी एखादी काढता येते का ते पाहतात.

उलट बाजूचा दोषही ओळखता येतो. रागावलेल्या ग्राहकाला आणि साध्या चौकशीला अक्षरशः तेच वाक्य जाऊ लागले, किंवा सोमवारच्या निरोपात ‘उद्या, गुरुवारी’ तसेच राहिले, तर लोक जोड्यांकडे तयार मजकूर म्हणून पाहू लागले आहेत. अशा वेळी त्याच नियमाला वेगळ्या प्रसंगातली दुसरी जोडी जोडतात, म्हणजे दोन्हींत समान काय आहे ते शोधावे लागते.