तिहेरी जुळणी

पुरवठादाराचे बिल चुकते करण्यापूर्वी खरेदी आदेश, माल पावती आणि बीजक हे तीन कागद ओळीओळीने ताडून पाहण्याची लेखापद्धती. हिशेबनिसांच्या बोलण्यात हे कागद अनुक्रमे पीओ, जीआरएन आणि बिल, आणि पद्धत थ्री-वे मॅचिंग. काय मागवले, काय आले आणि कशाचे पैसे मागितले, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली असावीत, हा तिचा गाभा आहे. गोव्यात पोर्तुगालहून टाइल, ऑलिव्ह तेल किंवा वाइन आणणाऱ्या पेढ्यांत यांपैकी निदान एक कागद पोर्तुगीजमध्ये असतो. पुढील विवेचन त्याच अंगाने केले आहे.

पद्धतीचा उगम एका वर्षाशी बांधता येत नाही. काही लेखक तिचे मूळ इटालियन गणिती लुका पाचिओलीच्या १४९४ मधील व्हेनिस येथील ग्रंथापर्यंत नेतात. परंतु तेथील विवेचन टाचणवही, रोजकीर्द व खातेवही या क्रमाचे आणि दुहेरी नोंदीचे आहे. खरेदी, गोदाम आणि लेखा ही तीन कामे तीन वेगळ्या खात्यांकडे गेल्यावर, म्हणजे मोठ्या कारखान्यांच्या काळात, ही जुळणी रुळली असावी, हे मत अधिक पटणारे आहे. १९९० मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी फोर्ड कंपनीचे उदाहरण दिले. तेथे देयक देण्याआधी तिन्ही कागदांवरील चौदा बाबी ताडल्या जात. पुढे फोर्डने बीजकच वगळले आणि आलेला माल थेट आदेशाशी जुळवून पैसे देण्यास सुरुवात केली. आयातीत मात्र सीमाशुल्काला बीजक लागतेच, त्यामुळे हा मार्ग गोव्यातील आयातदाराला मोकळा नाही.

पोर्तुगीज कागदांत आदेशाला ‘नोता द एन्कोमेंदा’, पाठवणीच्या कागदाला ‘गिया द रेमेसा’ आणि बीजकाला ‘फातुरा’ म्हणतात. यांतला ‘गिया’ हा सर्वांत फसवा कागद. त्यावर माल, नग आणि बहुधा सही-शिक्का असतो, म्हणून नवा हिशेबनीस त्यालाच माल पावती समजून फाइलला लावतो. प्रत्यक्षात तो पुरवठादाराच्या गोदामातून काय निघाले हे सांगतो. आपल्या गोदामात काय पोचले ते त्याला ठाऊक नसते. तो आणि फातुरा दोन्ही एकाच पक्षाने लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांची जुळणी नेहमीच बिनचूक येते आणि काहीच सिद्ध करत नाही. माल पावती गोदामपालाने स्वतः मोजून लिहिलेलीच हवी; त्याला फातुऱ्यावरचा आकडा आधी दाखवू नये.

आकड्यांच्या चिन्हांत दुसरी अडचण आहे. पोर्तुगीज लेखनात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी बिंदू किंवा मोकळी जागा वापरतात. फातुऱ्यावरील ‘१.२५०’ म्हणजे बाराशे पन्नास. संगणकात तसेच टंकले तर ते निमूटपणे सव्वा होते. याउलट परिमाणाच्या रकान्यात तीन दशांश छापलेले असतात, आणि ‘१९६,०००’ हे एक लाख शहाण्णव हजार वाटते, तर ते फक्त १९६ असते. खात्री करण्याचा साधा उपाय म्हणजे ओळीचा गुणाकार: परिमाण गुणिले दर बरोबर ओळीची रक्कम येते का ते पाहावे. चिन्ह चुकीचे वाचले असेल तर गुणाकार दहापटींनी, हजारपटींनी सुटतो. तारखेची अडचण सहसा येत नाही, कारण दोन्हीकडे बहुधा दिवस आधी लिहितात.

एक उदाहरण घेऊ. मडगावच्या एका पेढीने १४ सेंमी चौरस अझुलेजो टाइल मागवल्या: १९६ चौरस मीटर, दर १८.५० युरो, एकूण ३,६२६ युरो. खोक्यात ५० टाइल असतात, म्हणजे ०.९८ चौ.मी. गियावर ‘२०० सीएक्स’ असे लिहिले होते, म्हणजे २०० खोकी. २०० गुणिले ०.९८ बरोबर १९६, म्हणून एकक वेगळे असले तरी परिमाण जुळले. गोदामपालाने २०० खोकी आली, पैकी ६ फुटलेली, १९४ स्वीकारली अशी पावती लिहिली. फातुरा १९६ चौ.मी. आणि १८.९० दराने ३,७०४.४० युरोचा आला. स्वीकारलेला माल १९०.१२ चौ.मी. असल्याने आदेशाच्या दराने त्याची रक्कम ३,५१७.२२ होते. फरक १८७.१८ युरो.

हा फरक एकरकमी विचारू नये. त्याचे दोन तुकडे करावेत. दराचा फरक ४० सेंट, १९६ चौ.मी.वर ७८.४० युरो. तो सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि पेढीने चालवून घ्यायच्या फरकाची मर्यादा दोन टक्के असेल तर तो आपोआप मंजूर होणार नाही. दर वाढल्याचा लेखी करार नसेल तर पुरवठादाराकडून ‘नोता द क्रेदितु’ मागता येते. परिमाणाचा फरक ५.८८ चौ.मी., आदेशाच्या दराने १०८.७८ युरो. येथे मात्र घाई करू नये.

‘माल मिळाला’ म्हणजे कोठे मिळाला, यावर या रकमेचा निकाल अवलंबून आहे. आदेश एफओबी किंवा सीआयएफ अटीवर असेल तर माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते. टाइल वाटेत फुटल्या असतील तर फातुरा पूर्ण परिमाणाचाच देय आहे, आणि १०८.७८ युरो विमा कंपनीकडे मागायचे असतात. सीआयएफमध्ये विमा विक्रेता उतरवतो, पण इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींनुसार त्याचे किमान संरक्षण मालविम्याच्या ‘सी’ कलमांइतकेच असते. त्यात साधी फूट सहसा बसत नाही. डीएपी असेल तर ठरलेल्या ठिकाणी माल पोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, तेव्हा क्रेडिट नोट मागणे योग्य. बांधणीच सदोष होती असे सर्वेक्षकाच्या अहवालात आले, तर अट कोणतीही असो, दावा विक्रेत्यावर जाऊ शकतो. म्हणून माल पावतीत ‘आली’ आणि ‘स्वीकारली’ हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. एफओबीत फातुरा पहिल्या आकड्याशी जुळवावा.

जुळणी युरोतच करावी. रुपयांत केली तर आदेशाच्या दिवशीचा दर, बिल ऑफ एंट्रीवरील सीमाशुल्काचा अधिसूचित दर आणि बँकेने पैसे पाठवलेल्या दिवसाचा दर असे तीन वेगळे आकडे येतात आणि निर्दोष बिलही चुकीचे दिसते. तो फरक विनिमय फरकाच्या खात्यात जातो. आयजीएसटीची जमाही फातुऱ्यावरून मिळत नाही, बिल ऑफ एंट्रीवरून मिळते. फातुऱ्यावर पोर्तुगालचा ‘ईव्हा’ कर आकारलेला दिसला तर मात्र विचारणा करावी. निर्यात तेथे करमुक्त असते, आणि तसा त्यांच्या कायद्याच्या चौदाव्या कलमाचा उल्लेख कागदावर असतो.

एकच बिल दोनदा देण्याचा धोका या जुळणीने पुरता टळत नाही, विशेषतः माल हप्त्यांनी आला असेल तर. फातुऱ्याच्या प्रतींवर ‘ओरिजिनाल’, ‘दुप्लिकादु’ असे छापलेले असते, आणि ईमेलने आलेली प्रत व टपालाने आलेली प्रत दोन बिले भासतात. २०२३ पासून पोर्तुगीज फातुऱ्यावर ATCUD हा संकेत छापणे सक्तीचे झाले. तो दोन्ही प्रतींवर सारखाच असतो, म्हणून बिल नोंदवताना तो संदर्भ क्रमांकाच्या रकान्यात भरावा.