स्टॉल वेगाचा की कोनाचा? लिलिएन्थाल ते एअर फ्रान्स ४४७

९ ऑगस्ट १८९६ रोजी जर्मनीत स्टोल्न गावाजवळच्या टेकडीवरून उडताना ऑटो लिलिएन्थाल यांच्या ग्लायडरचं नाक अचानक वर गेलं. ग्लायडर हवेत जवळजवळ थबकला आणि सुमारे १५ मीटरवरून खाली आदळला. दुसऱ्या दिवशी लिलिएन्थाल गेले. २७ जुलै १९०१ रोजी अमेरिकेत किटी हॉकजवळ विल्बर राइट त्याच संकटात सापडले: नाक वर, पुढची गती संपलेली. त्यांच्या ग्लायडरला पुढच्या बाजूला एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा आडवा पृष्ठभाग, होता. त्यामुळे ग्लायडर नाकावर न कोसळता आडवाच खाली उतरला आणि ते बचावले.

बघणाऱ्याला दोन्ही वेळा दिसलं ते एवढंच, की वेग गेला आणि विमान पडलं. पंख विमानाला उचलून धरेनासे होतात, त्याला स्टॉल म्हणतात. ‘वेग कमी झाला की स्टॉल’ ही समजूत इथूनच रुजली असावी, आणि ती अजूनही गेलेली नाही.

पंखावर नेमकं काय होतं ते समजायची किल्ली १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी हायडलबर्गच्या गणित परिषदेत मांडली. हाताने चाक फिरवून पाणी वाहतं ठेवायचं आणि त्यात अभ्रकासारखे चमकते कण सोडून प्रवाह पाहायचा, असं त्यांचं साधन होतं. पृष्ठभागाला लगटून वाहणारा पातळ थर घर्षणाने मंदावतो, हे त्यांनी दाखवलं. पंखाच्या वरच्या बाजूला सर्वांत कमी दाब पुढच्या कडेजवळ असतो आणि मागे जाताना तो वाढत जातो. म्हणजे त्या मंदावलेल्या थराला वाढत्या दाबाविरुद्ध चढावं लागतं. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, जितका मोठा, तितका हा चढ उभा. नेहमीच्या पंखावर साधारण १५-१६ अंशांच्या आसपास थराची ताकद संपते, हवा उलटी फिरते आणि प्रवाह पंखापासून सुटतो. लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा जोर, घसरते. हाच स्टॉल.

या हिशेबात वेग का येत नाही? वेग दुप्पट केला तर दाबाचा चढ चौपट होतो, पण वाहत्या हवेची ऊर्जाही चौपटच होते. झुंज बरोबरीचीच राहते. निकाल ठरतो तो पंखाचा आकार आणि कोन यांवर. अर्थात हा कोन काही दगडावरची रेघ नाही. पंखावर बर्फ साचला तर तो बराच खाली येतो, आणि खूप उंचावर, ध्वनीच्या वेगाच्या जवळ उडतानाही कमी होतो.

मग विमानाच्या मॅन्युअलमध्ये ‘स्टॉल स्पीड’ का छापलेला असतो? सरळ, समपातळीत उडताना लिफ्ट वजनाइतकीच लागते. वेग घटला की तेवढी लिफ्ट मिळवायला कोन वाढवावा लागतो, म्हणून प्रत्येक वेगाला एक कोन जोडलेला असतो. वळण घेतलं की ही जोडी तुटते. समजा, एखादं छोटं विमान सरळ उडताना ५० नॉट्सला स्टॉल होतं. उंची न सोडता ते ६० अंश कलून वळवलं, तर लिफ्ट वजनाच्या दुप्पट लागते आणि तेच विमान सुमारे ७१ नॉट्सलाच स्टॉल होतं. उलट, नाक खाली सोडून पंखावरचा भार जवळजवळ शून्यावर आणला, तर ३० नॉट्सलाही स्टॉल होत नाही.

१९४० च्या दशकात लेनर्ड ग्रीन यांनी बनवलेलं स्टॉल वॉर्निंग म्हणूनच वेग मोजत नाही. पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पत्री असते. कोन वाढला की हवा दुभंगण्याची जागा पत्रीच्या खाली सरकते, पत्री वर उचलली जाते, स्विच लागतो आणि हॉर्न वाजतो.

तरीही १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्स ४४७ हे प्रवासी विमान पडलं आणि २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचून वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलट सुटला. नळ्या मिनिटभरात पूर्ववत झाल्या, पण तोवर स्टिक मागे ओढून, म्हणजे नाक वर करून, विमान ३८,००० फुटांवर स्टॉलमध्ये नेलं गेलं होतं. वॉर्निंग ५४ सेकंद सलग वाजली. नंतर मोजलेला वेग ६० नॉट्सच्या खाली गेला की संगणक कोनाचं माप अग्राह्य धरी आणि वॉर्निंग थांबे. नाक थोडं खाली केलं की माप पुन्हा ग्राह्य ठरून वॉर्निंग परत सुरू होई. म्हणजे योग्य कृतीला इशारा आणि चुकीच्या कृतीला शांतता, असा घातक उलटा संकेत वैमानिकांना मिळत होता. पाण्यावर आदळताना नाक क्षितिजाच्या १६ अंश वर होतं, पण विमान मिनिटाला १०,००० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होतं. अँगल ऑफ अटॅक ४० अंशांच्याही वर गेला होता. कॉकपिटमध्ये तो दाखवणारं मापक नव्हतं.

त्याआधी अनेक प्रशिक्षणांत स्टॉलचा इशारा मिळताच पूर्ण पॉवर देऊन कमीत कमी उंची गमावण्यावर भर असे. उंची वाचवायची सवय लागलेला हात स्टिक मागेच धरून ठेवतो. २०१२ पासून अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या, एफएएच्या, मार्गदर्शनात क्रम स्पष्टपणे बदलला: आधी स्टिक पुढे करून कोन कमी करा, उंची गेली तरी चालेल, पॉवर त्यानंतर गरजेप्रमाणे.