मीटरवरची अक्षरं कुठे गायब होतात: काच आणि बोर्ड यांच्यातल्या एका सांध्याची पार्श्वभूमी

बीएमडब्ल्यूची ई३९ या सांकेतिक नावाची ५ सिरीज १९९५ साली आली. तिच्या महागड्या आवृत्तीच्या मीटरमध्ये वेगाच्या आणि आरपीएमच्या गोल डायलखाली एक लांबट काळी खिडकी होती. किती किलोमीटर झाले, बाहेर तापमान किती, कूलंट कमी झालंय का, हे सगळं तिथे नारिंगी ठिपक्यांच्या अक्षरांत उमटायचं. गाडीला काही वर्षं झाली की या अक्षरांत उभ्या काळ्या रेघा पडायला लागत. सुरुवातीला एखादी रेघ, मग चार-पाच, आणि शेवटी मजकूर वाचताच येत नसे. तिच्या आधीच्या वर्षी आलेल्या ई३८ या ७ सिरीजमध्ये आणि नंतरच्या पहिल्या एक्स५ मध्येही हेच झालं. साबच्या ९-५ मधल्या माहिती-डिस्प्लेत आणि मर्सिडीजच्या डब्ल्यू२१० ई-क्लासमध्येही असेच ठिपके गळाले. डब्ल्यू२१० आपल्याला परकी नाही. पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ पासून मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली आणि त्यानंतरची ही पिढीही पुण्यातच जोडली गेली.

वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच दुखणं का व्हावं? ‘डिस्प्ले गेला’ असं सगळे म्हणतात, पण काच बहुतेक वेळा शाबूत असते. बिघडतो तो काचेला सर्किट बोर्डाशी जोडणारा सांधा, आणि त्याची गोष्ट गाड्यांच्या बरीच आधी सुरू होते.

आज आपण ज्याला एलसीडी म्हणतो, त्याची मूळ रचना स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे हॉफमन-ला रोश कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी शोधली. त्यांचा पेटंट अर्ज डिसेंबर १९७० चा. या रचनेत दोन काचांमध्ये द्रव-स्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो आणि काचांच्या आतल्या बाजूला इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप. वीज या लेपातून जाते. अडचण अशी की या लेपाला सोल्डर धरत नाही. तांब्याच्या तारेला डाग दिला की काम झालं, तसं इथे करता येत नाही. काचेच्या कडेला येऊन थांबलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या पारदर्शक रेघांपर्यंत बोर्डावरची वीज न्यायची कशी, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

कॅल्क्युलेटर आणि घड्याळांनी काढलेला पहिला तोडगा म्हणजे ‘झेब्रा’. ही रबराची बारीक पट्टी असते. तिच्यात वीज वाहणारा काळा थर आणि न वाहणारा पांढरा थर एकाआड एक रचलेले असतात. काच वर, बोर्ड खाली, मध्ये झेब्रा, आणि वरून पत्र्याच्या चौकटीचा दाब. कुठेही डाग नाही, गोंद नाही. हे जोडकाम टिकाऊ आहे, कारण रबर दाब धरून ठेवतं आणि काच-बोर्ड थोडे इकडेतिकडे सरकले तरी संपर्क तुटत नाही. पण त्यासाठी बोर्ड काचेच्या अगदी पाठीशी असावा लागतो. गाडीच्या मीटरमध्ये काचेच्या पाठीमागे बल्ब हवेत, उजेड सारखा पसरवणारं प्लास्टिक हवं. त्यामुळे काच आणि बोर्ड यांच्यात अंतर पडतं आणि झेब्रा तिथे बसत नाही.

म्हणून वापरात आली उष्णतेनं चिकटवायची रिबन. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ग्राफाइटच्या वाहक शाईनं समांतर रेघा छापलेल्या असतात आणि त्यांवर गरम झाल्यावर चिकटणारा गोंद असतो. एक टोक काचेच्या कडेवर, दुसरं बोर्डावर ठेवायचं आणि तापलेल्या सरळ पट्टीनं साधारण १५० अंश सेल्सिअसला काही सेकंद दाबून धरायचं. गोंद वितळतो, शाईच्या रेघा समोरच्या रेघांना भिडतात आणि गार झाल्यावर गोंद त्यांना तसंच धरून ठेवतो. हलकी, वाकणारी, स्वस्त आणि कारखान्यात झटपट लावता येणारी ही रिबन फोनपासून प्रिंटरपर्यंत सगळीकडे गेली. त्या वस्तू थंड खोलीत राहत आणि पाच-सात वर्षांत बदलल्या जात. गाडीचा मीटर मात्र थेट काचेखाली, उन्हात.

इथेच ती कमी पडली. जो गोंद तापल्यावर मऊ होऊन चिकटतो, तो पुन्हा तापला की पुन्हा मऊ होतो. बंद गाडीत उन्हाळ्यात डॅशबोर्डचं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ शकतं, त्यात मीटरच्या आतल्या बल्बांची उष्णता भरीला. १५० अंश काही गाठले जात नाहीत, पण ऊन-थंडीचे हजारो फेरे पुरेसे असतात. प्लास्टिकची फिल्म आणि फायबरचा बोर्ड तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. दर फेऱ्याला सांध्यावर बारीकसा ताण येतो, गोंदाची पकड थोडी सुटते आणि शाईची रेघ बोर्डावरच्या रेघेपासून किंचित उचलली जाते. बहुतेक वेळा सुटतं ते बोर्डाकडचं टोक.

रेघा उभ्याच का पडतात, हेही यातूनच कळतं. ठिपक्यांच्या डिस्प्लेत प्रत्येक ठिपक्याला वेगळी तार नसते. आडव्या ओळींना एक संच, उभ्या स्तंभांना दुसरा, आणि ओळ व स्तंभ जिथे छेदतात तिथला ठिपका उजळतो. रिबनमधली एक रेघ तुटली की तिच्या वाट्याचा पूर्ण स्तंभ विझतो. ई३९ वर `CHECK COOLANT LEVEL` असा इशारा आला असं धरा. नेमका L च्या उभ्या दांड्याचा स्तंभ गेला तर L ची फक्त तळाची आडवी रेघ उरते. E चा दांडा गेला तर एकाखाली एक तीन तुटक रेघा दिसतात. अक्षर अर्धवट पण काटेकोरपणे उभ्या कडेनं कापलेलं असेल, तर तो जवळजवळ नक्कीच रिबनचा सांधा. काच फुटली किंवा गळाली तर दृश्य वेगळं असतं: शाई सांडल्यासारखा वेडावाकडा काळा डाग, कडेकडून पसरत जाणारा. त्याला रिबन बदलून उपयोग नाही.

सांध्याची दुसरी खूण तापमान. सकाळी गार गाडीत सगळी अक्षरं पूर्ण दिसतात आणि अर्ध्या तासानं, डॅशबोर्ड तापल्यावर, विरळ होत जातात. मीटर उघडून रिबनच्या टोकावर बोटानं हलकेच दाबलं की गेलेले स्तंभ परत येतात, बोट काढलं की जातात. हे पाहिल्यावर अनेकांनी रिबनवर रबराचा किंवा फोमचा तुकडा ठेवून झाकण बंद केलं. दाबानं काही काळ भागतं, पण गोंद सुटलेलाच असतो, त्यामुळे ते टिकत नाही.

हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा झालं नाही, कारण सुट्या भागांच्या यादीत रिबन नव्हतीच. पूर्ण मीटर बदलायचा, तो गाडीला कोड करून घ्यायचा आणि त्याचे पैसे मोजायचे, एवढाच अधिकृत मार्ग. माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत चुकीची गोष्ट. काही रुपयांच्या फिल्मसाठी चांगला बोर्ड आणि चांगली काच भंगारात जायची. जुन्या बाजारातून मीटर आणून लावावा तर बीएमडब्ल्यूमध्ये आणखी एक अडसर होता. किलोमीटरची नोंद मीटरमध्ये असते आणि दिव्यांचं नियंत्रण करणाऱ्या मोड्युलमध्येही. दोन्ही जुळल्या नाहीत तर किलोमीटरच्या आकड्याजवळ एक छोटा ठिपका पेटून राहतो. तो किलोमीटर मागे फिरवणाऱ्यांना पकडण्यासाठी आहे, पण प्रामाणिकपणे मीटर बदलणाऱ्यालाही तो दिसतोच.

यातूनच रिबन बदलून देणाऱ्या कारागिरांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. काम नाजूक आहे. जुनी रिबन हलक्या उष्णतेनं सोलायची, बोर्डावरचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसायचा, भिंगाखाली नवी रिबन रेघेला रेघ जुळवून बसवायची आणि सोल्डरिंग आयर्नला आडवं, टी आकाराचं टोक लावून, मध्ये सिलिकॉनची पट्टी ठेवून दाबायचं. उष्णता कमी पडली तर आठवड्याभरात रेघा पुन्हा जातात. जास्त झाली तर शाई पसरून शेजारच्या रेघेला चिकटते आणि दोन स्तंभ नेहमी जोडीनंच पेटतात, ही चुकीच्या दाबाची ओळखता येणारी खूण. काचेच्या बाजूला जास्त तापवलं तर काचेवरची, प्रकाश गाळणारी पोलरायझर फिल्म कडेला करपते आणि तो डाग कायमचा. जाणता कारागीर झाकण लावण्याआधी मीटर चालू ठेवून हेअर ड्रायरनं तापवतो आणि सगळे स्तंभ टिकतात का ते पाहतो.

अंधुक किंवा लुकलुकणारा उजेड हा मात्र वेगळा रोग, आणि त्याचा इतिहासही वेगळा. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. १९८४ च्या शेव्हरले कॉर्व्हेटमध्ये पूर्ण डिजिटल एलसीडी मीटर होता आणि त्याच्या मागे साधे फिलामेंटचे बल्ब. बल्ब म्हातारे होत, त्यांच्या उष्णतेनं आतलं प्लास्टिक करपे आणि दिवसा आकडे दिसेनासे होत. १९८९ च्या लेक्सस एलएस ४०० नं मीटरच्या काट्यांमध्ये कोल्ड कॅथोड नळ्या, म्हणजे ट्यूबलाइटसारखे बारीक दिवे, घातल्या. त्यांना व्होल्टेज वाढवणाऱ्या इन्व्हर्टर सर्किटमधून शेकडो व्होल्ट लागतात, म्हणून नळी किंवा इन्व्हर्टर थकला की काटा आधी मंद होतो, मग लुकलुकतो, मग काळा पडतो.

दोन रोग वेगळे ओळखायला टॉर्च पुरतो. मीटर काळा असेल तर काचेवर तिरका प्रकाश टाकून जवळून पाहायचं. अक्षरांची पुसट आकृती दिसली तर डिस्प्ले चालू आहे आणि फक्त मागचा दिवा गेलाय. काहीच दिसलं नाही तर वीजपुरवठा किंवा बोर्ड तपासायचा.

आजच्या पूर्ण टीएफटी मीटरमध्ये, म्हणजे जिथे काट्यांऐवजी सगळाच रंगीत स्क्रीन असतो तिथे, ती जुनी रिबन नाही. काचेचा सांधा आता एकदा पक्का झाला की पुन्हा मऊ न होणाऱ्या, वाहक कण मिसळलेल्या फिल्मनं होतो, आणि उभ्या रेघांची तक्रार त्यामुळे खूप कमी झाली. दुखणं मागच्या एलईडींकडे सरकलं. त्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीतला प्रवाह तुटला की तिची पूर्ण माळ विझते आणि स्क्रीनचा एक भाग किंवा सगळाच अंधारतो. उजेड मंद केल्यावरच लुकलुक होत असेल तर संशय डिमरच्या सर्किटवर जातो. कुठल्याही पातळीला होत असेल तर आधी अर्थिंग आणि कनेक्टर पाहावेत. १९९५ ते २००५ च्या काळातली जुनी युरोपीय गाडी घ्यायची असेल तर मीटर दुपारी, गाडी तासभर उन्हात उभी राहिल्यावर आणि एसी लावण्याआधी पाहावा. सकाळच्या गारव्यात सुटलेली रिबनही पूर्ण अक्षरं दाखवते.