वीज आली, पण प्लगला वेळ कळेना

स्मार्ट प्लगच्या ॲपमध्ये एकदा वेळ लावली की गिझर बंद होणारच, असं बहुतेकांना वाटतं. पण वीज मध्येच गेली, तर तसं होईलच असं नाही.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्मार्ट प्लग सोयीचा, कारण वायरिंगला हात लावावा लागत नाही आणि घर सोडताना तो काढून नेता येतो. गिझरसाठी मात्र १६ अँपिअरचाच घ्या. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. कन्व्हर्टर लावून तो १० अँपिअरच्या प्लगवर चालवला, तर सैल पिना तापून प्लास्टिक वितळू शकतं.

आता सोलापुरातली एक सकाळ घ्या. गिझर ५:३० ला चालू आणि ६ ला बंद, असं ठरवलंय. ५:५० ला वीज गेली, ५:५९ ला आली. अशा बहुतेक प्लगांमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि परत आल्यावर ती इंटरनेटवरून घ्यावी लागते. पण राउटरही नुकताच सुरू झालेला असतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. प्लगला वेळ कळते तेव्हा ६:०२ झालेले असतात. सहाची आज्ञा हुकली, आणि हुकलेली आज्ञा तो सहसा मागाहून पाळत नाही. वीज जाण्याआधीची स्थिती लक्षात ठेवण्याची सेटिंग असेल, तर गिझर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत चालूच. थर्मोस्टॅट पाणी उकळू देत नाही, पण निवलं की पुन्हा तापवतो आणि मीटर फिरत राहतो.

उपाय ॲपमध्येच आहे. प्लगच्या सेटिंगमध्ये Relay Status किंवा Power-on Behavior शोधा आणि गिझरसाठी Off निवडा. शिवाय ६:१५ आणि ६:३० ला बंद करण्याच्या आणखी दोन वेळा टाका. उन्हाळ्यात कूलरच्या प्लगला उलट, आधीची स्थिती राखणारा पर्याय ठेवा; नाहीतर रात्री वीज येऊनही कूलर बंदच राहील.

बल्बलाही हाच पर्याय ठेवा. पुष्कळ स्मार्ट बल्ब वीज परतताच पूर्ण उजेडात लागतात, कारण कंपनीने तसंच ठरवलेलं असतं. रात्री तीनला रिकाम्या खोलीत दिवा लागला, तर त्यात भुताटकी काही नाही. भिंतीवरचं बटण मात्र चालूच हवं. ते बंद केलं तर ॲपला बल्ब सापडत नाही.

वेळापत्रक प्लगमध्ये आहे की कंपनीच्या सर्व्हरवर, हे तपासता येतं. पाच मिनिटांनंतरची वेळ लावा आणि राउटर बंद करा. वेळेवर ‘टक्’ आवाज आला, तर ते प्लगमध्ये आहे. व्हॉइस असिस्टंटमध्ये बनवलेलं रूटीन या परीक्षेत सहसा नापास होतं. ‘गिझर बंद कर’ ही हाकही बहुधा इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत जाऊन मगच प्लगपर्यंत येते. म्हणून गिझर बंद करण्याचं काम आवाजावर किंवा रूटीनवर सोपवू नका. ते प्लगमधल्या वेळापत्रकातच ठेवा.