कार्डाचं बिल दर महिन्याला भरतोय, तरी बाकी कमी का होत नाही?

आमच्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्या मंडळींची बँक स्टेटमेंट्स आम्हाला बघावीच लागतात, आणि गेल्या काही वर्षांत एक गोष्ट परत परत दिसायला लागलीय. क्रेडिट कार्डाला दर महिन्याला दोन हजार, अडीच हजार, पाच हजार असं काहीतरी जातंय, एकही महिना चुकलेला नाही, आणि विचारलं तर माणूस म्हणतो की माझं कार्ड एकदम व्यवस्थित चालू आहे, कधी लेट फी लागली नाही. मग कार्डाचं स्टेटमेंट मागवलं की कळतं की वर्षभर फक्त मिनिमम ड्यू भरला गेलाय आणि बाकी जिथल्या तिथे आहे किंवा वाढलीय. म्हणून हे पत्रक. कार्ड वापरू नका असं आमचं अजिबात म्हणणं नाही, पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला कार्ड फायद्याचंच असतं. पण हा मिनिममचा आकडा नक्की काय आहे ते समजून घ्या.

कार्डाच्या बिलावर दोन रकमा असतात, टोटल अमाउंट ड्यू आणि मिनिमम अमाउंट ड्यू. बऱ्याच कार्डांवर मिनिमम म्हणजे एकूण बाकीच्या 5 टक्के, त्यात चालू ईएमआय, फी वगैरे असेल तर ते मिळवून. (काही बँकांनी सूत्र बदललंय, व्याज आणि जीएसटी पूर्ण अधिक मुद्दलाचे 2 टक्के वगैरे, तुमच्या कार्डाचं काय ते बिलामागच्या बारीक छपाईत असतं.) मिनिमम भरलं की एवढंच होतं की लेट फी लागत नाही आणि खातं थकीत म्हणून रिपोर्ट होत नाही. व्याज त्याने थांबत नाही. लोकांचा गोंधळ इथेच होतो, कारण ॲपवर मिनिमम भरलं की हिरवी टिकमार्क येते आणि आपल्याला वाटतं या महिन्याचं काम झालं.

आता एक हिशेब बघा, तारखांसकट. समजा तुम्ही 20 मे ला 40,000 चा फ्रिज कार्डावर घेतला. बिल बनतं 15 जूनला, भरायची शेवटची तारीख 5 जुलै. पाच तारखेला तुम्ही पूर्ण 40,000 भरले असते तर व्याज शून्य, सव्वा महिन्याच्या वर पैसे फुकट वापरले. पण तुम्ही भरला मिनिमम, 2,000. आता बहुतेकांना वाटतं की उरलेल्या 38,000 वर 5 जुलैपासून पुढे व्याज लागेल. तसं नाहीये. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदतीची सवलतच जाते, आणि व्याज मोजलं जातं खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे 20 मे पासून. कार्डाचा दर महिना 3.5 टक्के धरू, वर्षाला 42 टक्के झाले, हा काही जास्तीत जास्त दर नाही, 3.75 वालीही कार्डं आहेत. 20 मे ते 5 जुलै हे 46 दिवस पूर्ण 40,000 वर, त्याचे साधारण 2,117 रुपये. मग 5 ते 15 जुलै दहा दिवस 38,000 वर, 437 रुपये. झाले 2,554. यावर 18 टक्के जीएसटी, 460 रुपये, कारण कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो. म्हणजे 15 जुलैच्या बिलात 38,000 अधिक 3,014, एकूण 41,014 रुपये. दोन हजार भरले, नवीन एक रुपयाची खरेदी नाही, आणि बाकी फ्रिजच्या किमतीपेक्षा हजाराने जास्त. आमच्याकडे जे जे घाबरून बिल घेऊन येतात त्यातले बरेच जण याच दुसऱ्या बिलावर अडकलेले असतात, त्यांना वाटतं बँकेने काहीतरी चुकीचं लावलंय. चूक नसते, नियमच तसा असतो आणि तो कार्ड घेताना कोणी समजावून सांगितलेला नसतो.

पुढच्या महिन्यांत काय होतं ते बघायला 1 लाखाची बाकी घेऊ, गोल आकडा सोपा पडतो. महिन्याचं व्याज 3,500, जीएसटी 630, मिळून 4,130. मिनिमम आहे 5,000. म्हणजे तुमच्या पाच हजारांतले 4,130 व्याज आणि टॅक्समध्ये गेले, मुद्दल उतरलं फक्त 870 रुपये. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी म्हणून मिनिममही थोडा कमी, आणि तेच मुख्य दुखणं आहे. तुम्ही भरत असलेली रक्कम बाकीच्या मागे मागे खाली येत राहते त्यामुळे कर्ज कधी झपाट्याने उतरतच नाही. याच हिशेबाने एक वर्ष नुसतं मिनिमम भरलं तर खिशातून जातात जवळपास 57,000 आणि बाकी राहते 90,000. बाकी 50,000 वर यायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतात आणि तोपर्यंत तुम्ही भरलेले असतात अंदाजे 2 लाख 87 हजार. लाखाच्या कर्जाला. आणि तरी अजून पन्नास शिल्लकच. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या कार्डाचा दर आणि तारखा यांनी थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहतं.

आणि हे सगळं तेव्हाचं जेव्हा कार्ड तुम्ही कपाटात ठेवून दिलंय. खरं आयुष्य तसं नसतं, कार्ड खिशात असतं, पेट्रोल, किराणा, मुलांच्या क्लासची फी, मोबाइलचं रिचार्ज, होऊन जातं. समजा त्याच 1 लाखाच्या बाकीवर तुम्ही महिन्याला 6,000 चा खर्च कार्डावर करताय आणि मिनिमम भरताय. वर्षभराने बघा, खरेदी केली 72,000 ची, बँकेला भरले साधारण 76,600. म्हणजे वर्षात जेवढं वापरलं त्याहून जास्त भरलं. तरीसुद्धा बाकी 1 लाखावरून 1 लाख 58 हजारांवर गेलेली असते, कारण मधे 63,000 च्या आसपास व्याज आणि जीएसटी लागलाय. वर नव्या किराण्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, मागची बाकी उभी असेल तर प्रत्येक नवीन खरेदीवर स्वाइप केल्या दिवसापासून व्याज चालू होतं. वरच्या हिशेबात ते आम्ही धरलेलंही नाही, म्हणजे प्रत्यक्षात थोडं जास्तच होईल. आम्हाला सगळ्यात वाईट याच मंडळींचं वाटतं कारण ते बेजबाबदार नसतात हो, ते दर महिन्याला भरत असतात आणि आपण भरतोय म्हणजे कमी होतंय असं धरून चाललेले असतात.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये कार्डांबद्दल जे नियम काढले त्यात बिलावर एक इशारा छापणं बंधनकारक केलंय, की फक्त मिनिमम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल. तुमच्या बिलावरही ती ओळ असणार, लहान अक्षरात, एकदा शोधून बघा. व्याजदरावर 30 टक्क्यांची वरची मर्यादा आहे असं काही जण सांगतात, ती राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये घातली होती पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

तुमचं असं होतंय का ते ओळखायचं कसं? बिलात खरेदीच्या यादीत फायनान्स चार्जेस किंवा इंटरेस्ट नावाची ओळ आणि तिच्याखाली जीएसटीची ओळ दिसली की समजा तुम्ही यात आहात. पूर्ण बिल भरणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये ती ओळ नसते. दुसरं म्हणजे ऑटोपे तपासा. कार्ड नवीन असताना ऑटोपे लावताना टोटल की मिनिमम असं विचारतात आणि अनेकांनी तेव्हा घाईत किंवा खात्यात पैसे कमी पडतील या भीतीने मिनिमम निवडलेलं असतं आणि नंतर विसरून गेलेले असतात. आमच्या एका ग्राहकाचं दोन वर्षं असंच चाललं होतं, पगार चांगला, खात्यात पैसे पडून, आणि कार्डावर व्याज चालू. ऑटोपे बदललं आणि विषय संपला. तुमचंही तसं असेल तर आजच बदला, दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे खरंच नसतील तर मात्र क्रम महत्त्वाचा. आधी त्या कार्डावरची खरेदी पूर्ण बंद, युपीआयने किंवा डेबिट कार्डाने भागवा. मग मिनिममचा आकडा बघणं सोडा आणि स्वतःचा एक आकडा ठरवा जो खाली येणार नाही. वरच्याच 1 लाखाला दर महिना ठरवून 5,000 भरत राहिलात, बिलात मिनिमम 4,600 आलं तरी 5,000 च, तर 43-44 महिन्यांत कर्ज संपतं. तेच 10,000 जमले तर 13-14 महिन्यांत, आणि एकूण जातात साधारण 1 लाख 32 हजार. आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नका, व्याज रोजच्या बाकीवर आहे, पगार झाला त्या दिवशी भरलं तर तेवढ्या दिवसांचं व्याज वाचतं.

पर्सनल लोन मिळत असेल तर तोही हिशेब करा. 16 टक्क्यांनी 1 लाख, दोन वर्षांसाठी, हप्ता येतो 4,900 च्या आसपास. म्हणजे आज मिनिममला जेवढे जातायत तेवढ्याच पैशात 24 महिन्यांत सगळं फिटतं. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर काय लागतं हे सही करायच्या आधी विचारा. कार्डाची बाकी ईएमआयमध्ये करून घेण्याचाही पर्याय बँक देते, तिथे दर कार्डापेक्षा कमी असतो पण त्या व्याजावर जीएसटी असतो तो धरून तुलना करा. आणि एक विनंती, लोन घेऊन कार्ड शून्य केलं की लिमिट परत पूर्ण मोकळं दिसतं, तेव्हा बँकेला सांगून लिमिट कमी करून घ्या. लोनचा हप्ता चालू आणि कार्ड परत भरलेलं, अशा दोन्हीकडून अडकलेल्या फाइल्स आमच्याकडे आहेत.

सगळी बाकी भरून टाकलीत तरी पुढच्या बिलात थोडं व्याज येईल, शंभर-दोनशे किंवा हजार-दीड हजार, घाबरू नका. मागचं बिल बनल्यापासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं ते असतं. तेही पूर्ण भरा, मिनिमम नाही, मग बिनव्याजी मुदत परत चालू होते. त्या पुढच्या बिलात फायनान्स चार्जेसची ओळ नसली की झालं.

कोणाला स्वतःच्या कार्डाचा असा हिशेब मांडून हवा असेल तर शेवटची दोन बिलं घेऊन ऑफिसला या, वीस मिनिटं लागतात, त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी आम्हाला लागत नाही आणि आमच्या नावाने कोणी फोनवर मागितला तर देऊ नका.