फॉर्मवरचा संशय: प्रगणकापासून उत्तरदात्यापर्यंत

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या ऊस उत्पादकांचे गुऱ्हाळांविषयीचे २४० फॉर्म या हंगामानंतर माझ्याकडे तपासायला आले. कॉलेजच्या मुलांनी घरोघरी जाऊन ते मोबाइलवर, कोबो टूलबॉक्स या पाहणीच्या अ‍ॅपमध्ये भरले होते. विश्लेषणाआधी तीन गोष्टी बघायच्या होत्या: सगळ्या विधानांना एकाच रकान्यात टिका मारल्यात का, फॉर्म न पटण्याइतक्या लवकर संपलाय का, आणि तोच फॉर्म दोनदा आलाय का. आज या तिन्ही तपासण्या एका दमात सांगतात, पण त्या आल्या वेगवेगळ्या काळात.

सुरुवातीचा संशय माहिती गोळा करणाऱ्यावर होता. १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या पाहणीत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या पथकांना दिले. दोन्ही पथकांच्या आकड्यांत मोठा फरक पडला, तर चूक मोजणीत आहे हे कळायचं. १९४५ मध्ये अमेरिकेत लिओ क्रेस्पी यांनी घरबसल्या फॉर्म भरणाऱ्या प्रगणकांवर लेख लिहिला. त्यातलं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: लांबलचक आणि अवघड प्रश्नावलीच प्रामाणिक माणसालाही खोटं भरायला लावते.

उत्तरदात्याकडे लक्ष गेलं ते मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या मोजपट्टीमुळे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच रकाने आले, आणि त्याबरोबर एकाच रकान्यात खाली घसरत जायची सोयही झाली. १९४६ मध्ये मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी दाखवलं, की प्रश्न काहीही असो, काही जण ठरावीक साच्यातच उत्तर देतात. १९९१ मध्ये जॉन क्रॉसनिक यांनी कारणं मांडली: प्रश्न अवघड, माणसाची तेवढी क्षमता नाही किंवा मन लागत नाही, की तो काम भागेल एवढंच उत्तर देतो.

माझ्या फॉर्मांत दहा विधानांचा एक तक्ता होता. नऊ जणांनी दहाही ठिकाणी ‘सहमत’ म्हटलं होतं. तक्त्यात ‘गुळाला परवडेल असा दर मिळतो’ आणि ‘दरात खर्चही निघत नाही’ अशी दोन्ही विधानं होती, म्हणून हे नऊ फॉर्म संशयित धरता आले. दहाही विधानं अडचणींचीच असती, तर सगळ्यांना ‘सहमत’ म्हणणारा शेतकरी खरंच बोलत असू शकतो, आणि मग एकाच रकान्यातली ही सरळ रेघ पुरावा ठरत नाही.

वेळेची तपासणी संगणकावर फॉर्म भरणं रूढ झाल्यावर सोपी झाली. कोबोमध्ये `start` आणि `end` या प्रश्नांतून सुरुवातीची आणि शेवटची वेळ मिळते. गुगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ ठेवतो, त्यामुळे तिथे फॉर्म किती वेळात भरला हे कळतच नाही. आमच्याकडे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधली वेळ, म्हणजे मध्यक, १४ मिनिटं आला. त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ७ मिनिटांच्या आत संपलेले ११ फॉर्म निघाले. मी ते लगेच काढले नाहीत. त्यातल्या सहा जणांनी ‘गुऱ्हाळ चालवता का?’ याला ‘नाही’ म्हटलं होतं, आणि तिथून वीस प्रश्न आपोआप गळत होते. त्यांची तुलना ‘नाही’वाल्यांच्याच मध्यकाशी केली, तेव्हा ते नेहमीचेच निघाले. उरलेले पाचही एकाच मुलाचे होते, आणि पाचांतही सरळ रेघ होती.

सारख्या फॉर्मांचा वाद सगळ्यात ताजा. कुरियाकोस आणि रॉबिन्स या संशोधकांनी २०१५-१६ च्या सुमारास एक कसोटी सुचवली: दोन फॉर्मांतली ८५ टक्क्यांहून जास्त उत्तरं जुळली, तर नक्कल समजून तपासावं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने त्यावर आक्षेप घेतला. प्रश्न कमी, पर्याय कमी आणि लोक एकसारखे असतील, तर खरी उत्तरंही इतकी जुळतात.

आमच्या एका जोडीत ९० टक्के उत्तरं जुळली. ते दोघे एकाच गावातले सख्खे भाऊ होते. गुऱ्हाळ सामाईक, आणि जुळलेले बहुतेक प्रश्न हो-नाहीचे. फॉर्मांच्या वेळा वेगळ्या होत्या, म्हणून दोन्ही ठेवले. दुसऱ्या एका जोडीत मात्र उत्तरांबरोबर `start` आणि `end` सेकंदापर्यंत सारखे होते. रेंज नसलेल्या वाडीतून एकच फॉर्म दोनदा गेला होता, त्यातला एक काढला.

त्या पाच फॉर्मांच्या मुलाला मी बोलावलं. शेतकरी तोडणीच्या घाईत होते आणि दहा विधानांचा तक्ता सगळ्यात शेवटी होता, असं तो म्हणाला. पाचही फॉर्मांतली तक्त्याची उत्तरं मी रिकामी केली, बाकीची उत्तरं त्याच्याकडून त्या शेतकऱ्यांना फोन करून पुन्हा विचारून घेतली. पुढच्या हंगामाच्या प्रश्नावलीत तक्ता सहा विधानांचा केलाय आणि मध्यावर आणलाय.